सुरी खिशात का होती? फौजदारीच्या प्रॉब्लेम प्रश्नाचं एक उत्तर

प्रश्न: "लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घणसोलीहून कॉलेजला जाते. क्रिमिनल लॉच्या नोट्स 140 पानांच्या झाल्यात, कलमं बऱ्यापैकी पाठ आहेत. तरी प्रॉब्लेमचा प्रश्न आला की तीन पानं लिहूनही निम्मे मार्क पडत नाहीत. नोट्स छोट्या कशा करायच्या? बचाव म्हणजे डिफेन्स उत्तरात नेमके कुठे लिहायचे?"

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात गेली 19 वर्षं फौजदारी बाजूचं काम करते, आणि शनिवारी संध्याकाळी चार-सहा मुलं माझ्या ऑफिसात पेपर सोडवायला बसतात. त्यांच्या वह्या पाहून सांगते, तुमची अडचण पानांच्या संख्येत नाही. तुमच्या नोट्स कलमांच्या क्रमानं लिहिलेल्या असणार, आणि परीक्षेत येते ती घटना. घटनेला कलमांचा क्रम ठाऊक नसतो. मग विद्यार्थी काय करतो? ज्या कलमाची आठवण आधी येते त्याची व्याख्या उतरवून काढतो, खाली दोन निवाड्यांची नावं टाकतो आणि शेवटच्या तीन ओळींत "म्हणून आरोपी दोषी आहे" असं लिहून मोकळा होतो. व्याख्या तपासनिसाला माहीत असते. तो गुण देतो ते प्रश्नातली कोणती वस्तुस्थिती व्याख्येच्या कोणत्या घटकाला जाऊन लागते, हे तुम्ही दाखवलंत की नाही यावर.

आधी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकते. पहिली, कायदा कोणता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, आणि कोर्टात आमच्यासमोर अजून दोन्ही प्रकारची प्रकरणं रोज येतात. प्रश्नात तारीख दिली असेल तर ती पहिल्यांदा बघा. नसेल तर नव्या संहितेनं लिहा आणि जुनं कलम एकदा सोबत द्या, कारण जवळपास सगळे निवाडे जुन्या आकड्यांवरचे आहेत. दुसरी, परीक्षा कोणती. विद्यापीठाच्या पेपरात निष्कर्ष थोडा इकडेतिकडे झाला तरी मांडणीला गुण मिळतात. न्यायाधीश पदाच्या मुख्य परीक्षेत मात्र निष्कर्ष ठाम लागतो, कारण तिथे तुम्ही निकाल लिहू शकता का हेच बघतात.

आता नोट्स. प्रत्येक गुन्ह्याला एक पोस्टकार्डाएवढा कागद, त्याहून मोठा नाही. त्यावर व्याख्या लिहायची नाही, प्रश्न लिहायचे. चोरीचं उदाहरण घ्या, नव्या संहितेचं कलम 303. वस्तू जंगम होती का? ती दुसऱ्याच्या ताब्यात होती का? त्याच्या संमतीशिवाय होतं का? अप्रामाणिक उद्देश होता का? आणि त्या उद्देशानं वस्तू हलवली का? पाच प्रश्न, पाचांची उत्तरं "हो" आली तर चोरी. या पाचांखाली एकच ओळ, लाल शाईत: हे कुठे फसतं? चोरीत फसतं ते दुसऱ्या प्रश्नावर. मुलं "मालकी" लिहितात, कायदा "ताबा" म्हणतो. तुम्ही स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला दिलंत, मजुरी थकवलीत, आणि दुकानदाराची नजर चुकवून ते उचलून आणलंत, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होऊ शकते. मजुरीपोटी ते अडकवून ठेवायचा त्याला हक्क होता आणि तुम्ही तो अप्रामाणिकपणे बुडवलात. हा दृष्टांत कायद्यातच दिलाय. लाल ओळीत तो दोन शब्दांत असला की बास: "घड्याळ, मजुरी".

असे पंधरा-वीस कागद झाले की 140 पानं सुटतात. पण सगळ्यात जास्त गुण जातात आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो सदोष मनुष्यवध आणि खून यांच्या कागदावर. म्हणून बाकीचं सोडून त्यावरच सविस्तर लिहिते. तो नीट जमला की मारहाणीपासून दरोड्यापर्यंत बाकीचे कागद त्याच हातानं होतात.

या कागदावरचे प्रश्न शिडीसारखे आहेत, एक पायरी सोडून वर चढता येत नाही. पहिली पायरी: आरोपीच्या कृत्यामुळे मृत्यू झाला का? दुसरी: कलम 100 मधल्या तीनपैकी एखादी मनोवस्था होती का? म्हणजे मारण्याचा उद्देश, किंवा मृत्यू येण्याचा संभव असेल अशी जखम करण्याचा उद्देश, किंवा आपल्या कृत्यानं मृत्यू येण्याचा संभव आहे याची जाणीव. इथपर्यंत "हो" आलं तर तो सदोष मनुष्यवध. तिसरी पायरी: कलम 101 च्या चार खंडांपैकी एखादा लागतो का? लागला तर तो खून. आणि चौथी: कलम 101 च्याच खाली दिलेल्या पाच अपवादांपैकी एखादा त्याला पुन्हा खाली खेचतो का? खेचला तर शिक्षा कलम 105, नाही तर 103.

मुलं दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत अडखळतात, कारण शब्द सारखे दिसतात. कलम 100 मध्ये जखम "मृत्यू येण्याचा संभव असेल" अशी पुरते. कलम 101 च्या तिसऱ्या खंडात ती "निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवून आणण्यास पुरेशी" लागते. पहिल्यात मृत्यू आला तर नवल वाटणार नाही. दुसऱ्यात माणूस वाचला तर नवल वाटेल. हा फरक मुंबई उच्च न्यायालयानं 1876 मध्ये गोविंदाच्या प्रकरणात फार नीट उलगडला. नवऱ्यानं बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर मुठीनं दोन-तीन जोराचे ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. न्यायालय म्हणालं, हा सदोष मनुष्यवध आहे, खून नाही. बंद मुठीचे ठोसे हे एरवी मृत्यू घडवायला पुरेसं साधन मानता येत नाही. हत्यार कोणतं आणि वार शरीराच्या कोणत्या भागावर, हे दोन शब्द प्रश्नात शोधायची सवय तिथून लागते.

तिसऱ्या खंडासाठी दुसरा निवाडा विरसा सिंगचा, सर्वोच्च न्यायालय, 1958. भाल्याचा एकच वार, पोटात. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी चार टप्पे घालून दिले: जखम होती का, ती कशा स्वरूपाची होती, नेमकी तीच जखम करायचा उद्देश होता का, म्हणजे ती अपघातानं किंवा चुकून तर बसली नाही ना, आणि चौथं, ती सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी होती का. आरोपीच्या मनाचा टप्पा फक्त तिसरा, बाकीचे तीन वस्तुनिष्ठ आहेत, आणि चौथा डॉक्टर सांगतो. "मारायचं नव्हतं, फक्त भोसकायचं होतं" हा बचाव तिसऱ्या खंडात टिकत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की उत्तरातली अर्धी धूळ खाली बसते.

आता बचाव. तुम्ही विचारलंय कुठे लिहायचे. त्यासाठी दोन कप्पे लक्षात ठेवा. एक कप्पा सर्वसाधारण अपवादांचा, कलम 14 ते 44: बालवय, वेडसरपणा, नशा, अपघात, खाजगी संरक्षणाचा हक्क वगैरे. यातला अपवाद पूर्ण बसला की गुन्हाच उरत नाही, आरोपी घरी जातो. दुसरा कप्पा कलम 101 खालच्या पाच खास अपवादांचा: गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, संरक्षणाच्या हक्काचं उल्लंघन, लोकसेवकाचं अधिकारउल्लंघन, आकस्मिक भांडण, आणि संमती. यात आरोपी घरी जात नाही, फक्त खून खाली उतरून सदोष मनुष्यवध होतो. दोन कप्प्यांची सरमिसळ झाली की उत्तर गडगडतं. "आरोपीला प्रक्षोभ झाला, म्हणून तो निर्दोष" असं वाक्य मी दर शनिवारी एकदा तरी खोडते.

लिहिण्याचा क्रम असा की आधी गुन्ह्याचे घटक पूर्ण करा, मग पहिला कप्पा, आणि तो अपुरा पडला तरच दुसरा. कारण संरक्षणाचा हक्क दोन्ही कप्प्यांत आहे. हक्क होता आणि मर्यादेत वापरला तर पहिला कप्पा. हक्क होता, पण मर्यादा ओलांडली, तर दुसऱ्या कप्प्यातला अपवाद 2. हक्कच नव्हता तर दोन्ही कप्पे बंद.

हा क्रम मी ठेच खाऊन शिकले. ज्युनिअर असताना एका सत्र न्यायालयात जामिनाच्या अर्जात मी दोन मुद्दे घातले होते: आरोपी त्या रात्री भिवंडीला बहिणीकडे होता, आणि पर्यायानं, त्यानं स्वतःचा जीव वाचवायला वार केला. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, भिवंडीहून वार केला का?" पर्यायी मुद्दे मांडायला कायद्याची ना नाही, पण त्यांनी एकमेकांच्या तोंडात मारता कामा नये. परीक्षेतसुद्धा "कृत्य त्याचं नाही" आणि "कृत्य बचावासाठी केलं" हे एकाच उत्तरात लिहू नका. प्रश्नात कृत्य दिलेलंच असतं.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवते. हा मी मुलांसाठी बनवलेला आहे, खऱ्या प्रकरणातला नाही.

"रात्री साडेनऊला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून विजय आणि सचिन यांच्यात बाचाबाची झाली. सचिननं विजयला दोन थपडा मारल्या आणि आईवरून शिवी दिली. वॉचमननं दोघांना सोडवलं. विजय दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेला. दहा मिनिटांनी तो स्वयंपाकघरातली सुरी खिशात घालून खाली आला. सचिन तिथेच उभा होता. विजयला पाहताच त्यानं मंडपाचा पडलेला बांबू उचलून विजयच्या खांद्यावर मारला. विजयनं सुरी काढून सचिनच्या पोटात एकदाच खुपसली. सचिनला रुग्णालयात नेलं, पण शस्त्रक्रियेला उशीर झाला आणि चौथ्या दिवशी पोटातल्या जंतुसंसर्गानं तो मरण पावला. डॉक्टरांच्या मते जखम 9 सेंटिमीटर खोल, आतडं फाटलेलं, सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी. मात्र वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर तो वाचला असता. विजयनं कोणता गुन्हा केला?"

पेन उचलण्याआधी पेन्सिल घ्या. पेपर काढणाऱ्यानं एकही शब्द उगाच घातलेला नसतो. "दहा मिनिटांनी" म्हणजे राग थंड व्हायला वेळ मिळाला का. "खिशात" म्हणजे सुरी दाखवली नव्हती, पण आणली होती. "पडलेला बांबू" म्हणजे सचिननं तयारी केलेली नव्हती. "एकदाच" म्हणजे क्रूरपणा नाही असं म्हणायला जागा. "वेळेवर" म्हणजे कारण-परिणामाचा सापळा. प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून शेजारी पायरीचा आकडा टाका. वीस मिनिटांच्या प्रश्नात चार मिनिटं यात घालवलीत तरी ती फुकट जात नाहीत.

पहिली पायरी, मृत्यूचं कारण. उशीर आणि जंतुसंसर्ग पाहून मुलं घाबरतात. पण कलम 100 खालचं दुसरं स्पष्टीकरण सांगतं की जखमेमुळे मृत्यू आला असेल, तर योग्य उपचारानं तो टळला असता या कारणानं जखम करणारा सुटत नाही. संसर्ग झाला तो फाटलेल्या आतड्यामुळे, आतडं फाटलं ते सुरीमुळे. साखळी अखंड आहे. चार ओळींत संपवा आणि पुढे जा.

दुसरी आणि तिसरी पायरी एकत्रच लिहा, कारण इथे पुरावा तोच आहे. विजयनं "मारून टाकतो" असं काही म्हटलेलं नाही आणि वारही एकच आहे, म्हणून मारण्याचा उद्देश ओढून आणू नका. पहिला खंड सोडून सरळ तिसऱ्यावर या. विरसा सिंगचे चार टप्पे एकेका वाक्यात बसवा: जखम होती, पोटात 9 सेंटिमीटर, सुरी खिशातून काढून खुपसली, झटापटीत चुकून लागली असं प्रश्नात कुठे नाही, म्हणजे तीच जखम करायचा उद्देश, आणि पुरेसेपण डॉक्टरांनी सांगितलंच आहे. तिसरा खंड लागतो. या क्षणी विजय खुनाच्या पायरीवर उभा आहे.

आता पहिला कप्पा. संरक्षणाचा हक्क. इथे दोन घटना आहेत आणि त्या वेगळ्या लिहिल्या नाहीत तर सगळं गढूळ होतं. थपडांची घटना संपली तेव्हा त्या धोक्याचा हक्कही संपला. कलम 40 प्रमाणे धास्ती असेपर्यंतच हक्क असतो. दहा मिनिटांनंतर त्या थपडांसाठी केलेला वार हा सूड, संरक्षण नव्हे. बांबूचा वार ही नवी घटना. त्यानं शरीराच्या संरक्षणाचा हक्क नव्यानं उभा राहिला का? इथेच प्रश्नाचं पोट आहे. सुरी दाखवली नव्हती, शिवी दिली नव्हती, पहिला वार सचिननं केला, म्हणजे विजय आक्रमक नव्हता, असं बचाव पक्ष म्हणेल. सरकार पक्ष म्हणेल की घरात सुरक्षित पोचलेला माणूस सुरी घेऊन मारणारा उभा असलेल्या ठिकाणी परत येतो, तो भांडण शोधायलाच येतो, आणि ज्यानं धोका स्वतः ओढवून घेतला त्याला हा हक्क नाही.

हक्क आहे असं धरलं तरी तो मृत्यू घडवण्यापर्यंत जातो का, हे कलम 38 वर ठरतं. शरीराच्या बाबतीत तिथे सात परिस्थिती दिल्यात. त्यांतल्या इथे कामाच्या दोन: मृत्यूची वाजवी धास्ती आणि जबर दुखापतीची वाजवी धास्ती. खांद्यावर बसलेला बांबूचा एक फटका. पुढचा डोक्यात बसला असता, असं म्हणता येईल. पण प्रश्नात सचिननं दुसरा वार उगारल्याचं दिलेलं नाही. शिवाय कलम 37 म्हणतं, संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणून पूर्ण सुटका अवघड. इथे एक वाक्य पुराव्याच्या भाराबद्दल टाका: अपवाद सिद्ध करायचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे आरोपीवर असतो, पण त्याला संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, संभाव्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं की पुरतं. सरकारी साक्षीदारांच्या जबाबातूनच हक्क दिसत असेल तर आरोपीनं तो स्वतः मांडलेला नसला तरी न्यायालय त्याचा विचार करतं. वरच्या गुणांत हे वाक्य भर घालतं, आणि लिहिणारे फार कमी असतात.

मग दुसरा कप्पा. अपवाद 2, हक्काचं उल्लंघन: सद्भाव लागतो, पूर्वविचार नको, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा उद्देश नको. इथे "पूर्वविचार" या शब्दावर खिशातली सुरी येऊन आदळते.

अपवाद 1, प्रक्षोभ. थपडा आणि आईवरून शिवी, गंभीर म्हणता येईल; पण "आकस्मिक" म्हणजे स्वतःवरचा ताबा सुटलेला असतानाच कृत्य व्हायला हवं. नानावटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये पाहिलं ते हेच: पत्नीची परपुरुषाशी संबंधांची कबुली ऐकल्यापासून त्या पुरुषावर गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मधल्या वेळात नानावटीनं कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं. आमच्या विजयची दहाच मिनिटं आहेत, तीन तास नाहीत, असं मुलं म्हणतात. बरोबर, पण मोजायची असते ती वागणूक. दोन मजले चढणं, ओट्यावरची सुरी निवडणं, ती दिसू नये म्हणून खिशात घालणं, दोन मजले उतरणं. ताबा सुटलेला माणूस सुरी लपवत नाही. बांबूचा फटका हा नवा प्रक्षोभ म्हणायचा तर पहिलं परंतुक आडवं येतं: आरोपीनं स्वतः ओढवून घेतलेला प्रक्षोभ चालत नाही. आणि सचिन त्या वेळी स्वतःच्या संरक्षणाच्या हक्कात वागत होता असं ठरलं, तर आणखी एक परंतुक लागतं. पण त्याला सुरी दिसली नव्हती, म्हणून तो मुद्दा एका ओळीपेक्षा जास्त ताणू नका.

अपवाद 4, आकस्मिक भांडण. यात पहिला वार कोणी केला याला महत्त्व नाही, स्पष्टीकरणच तसं आहे, म्हणून मुलांना हा अपवाद फार आवडतो. पण चार गोष्टी एकत्र लागतात: पूर्वविचार नसणं, आकस्मिक भांडण, रागाच्या भरात केलेलं कृत्य, आणि गैरफायदा किंवा क्रूरपणा नसणं. पहिलं भांडण आकस्मिक होतं, दुसरं नव्हतं. बांबूसमोर लपवलेली सुरी हा गैरफायदाही ठरू शकतो.

आता निष्कर्ष. प्रश्नात एक गोष्ट सांगितलेली नाही: सुरी का घेतली? पुन्हा मार बसला तर बचावाला, की हिशेब चुकता करायला? जे दिलेलं नाही ते तुम्ही कल्पनेनं भरू नका. "वस्तुस्थितीवरून सर्वात वाजवी अनुमान असं" असं लिहा. मी लिहिलं असतं: घरी सुरक्षित असताना, मारणारा खाली उभा आहे हे ठाऊक असून, लपवलेली सुरी घेऊन खाली येणं हे पूर्वविचाराचंच लक्षण आहे, म्हणून खून, कलम 103(1). आणि लगेच पुढे: सुरी केवळ बचावासाठी घेतली होती असं पुराव्यात आलं, तर अपवाद 2 खाली तो सदोष मनुष्यवध होईल आणि शिक्षा कलम 105 च्या पहिल्या भागाखाली, कारण जखम करण्याचा उद्देश होता. तो भाग म्हणजे जन्मठेप, किंवा किमान 5 आणि कमाल 10 वर्षं, शिवाय दंड. दुसरा भाग, कमाल 10 वर्षं आणि दंड, फक्त जाणीव असेल आणि उद्देश नसेल तेव्हा. कोणता भाग ते लिहिलं नाहीत तर उत्तर अर्धवट राहतं, आणि आम्हा वकिलांचा तर अर्धा युक्तिवाद याच भागांवर होतो.

माझ्याकडचा एक मुलगा गेल्या महिन्यात म्हणाला, "मॅडम, पण दोन्ही बाजू लिहिल्या तर निर्णय नाही म्हणून गुण जातात." जातात, जर शेवटी "न्यायालय योग्य तो निर्णय घेईल" असं लिहिलंत तर. दोन्ही बाजू लिहा, पण एक वस्तुस्थिती निवडा आणि सांगा की निकाल तिच्यावर फिरला. इथे ती खिशातली सुरी आहे.

सराव करायचा तर नवे प्रश्न शोधत बसू नका. हाच प्रश्न घ्या आणि एकच शब्द बदला. विजय घरी गेलाच नाही. वॉचमननं सोडवायच्या आत सचिननं बांबू मारला आणि विजयनं गेटवरच्या शहाळेवाल्याच्या गाडीवरचा कोयता ओढला. आता पूर्वविचार नाही, सगळं एकाच झटक्यात. अपवाद 4 उघडतो, पण कोयत्यानं गैरफायदा घेतला का हा प्रश्न उरतो. पुन्हा बदला: कोयता नाही, मुठीचा एकच ठोसा, सचिन पार्किंगच्या कठड्यावर डोकं आपटून गेला. आता गोविंदाच्याही खाली उतरलात. एका ठोशानं मृत्यूचा संभव आहे हे त्याला कळत होतं का, इथून सुरुवात करावी लागेल, आणि कदाचित साध्या दुखापतीच्या कलम 115 वर थांबावं लागेल.

आणि एक शेवटचा बदल, जो मला सगळ्यात आवडतो. सुरी तीच, दहा मिनिटं तीच, पण वार पोटात नाही, मांडीत. मोठी रक्तवाहिनी कापली जाते आणि रक्तस्रावानं सचिन रुग्णालयात पोचण्याआधीच मरतो. डॉक्टर म्हणतात, जखम सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी. मुलं धडाधड तिसरा खंड लावतात. पण विरसा सिंगच्या तिसऱ्या टप्प्यावर थांबा: त्याला नेमकी तीच जखम करायची होती का, की मांडीत वार करायचा होता आणि रक्तवाहिनी त्या वाटेत आली? 1968 च्या हरजिंदर सिंग प्रकरणात असाच मांडीवरचा वार होता. त्याच जागी तीच जखम करायचा उद्देश सिद्ध झाला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खुनाऐवजी जुन्या कलम 304 चा पहिला भाग लावला.